उमराहला निघताना विमानतळाची तपासणी: लॅपटॉप, पट्टा, चिल्लर आणि बाटल्या कुठे ठेवायच्या

जालना जिल्ह्यातून उमराहला जाणारी बहुतेक कुटुंबं मुंबईहून जिद्दाचं विमान पकडतात. कोणी देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून जातं, कोणी गाडी करून, तर कोणी चिकलठाण्याच्या विमानतळावरून आधी मुंबई गाठतं. मुंबईत आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल २ वरून सुटतात. तिथे सामान जमा करणं आणि पासपोर्टचा शिक्का यात फारशी अडचण येत नाही, कारण ग्रुपवाले सोबत असतात किंवा फॉर्म आधीच भरलेले असतात. अडतं ते सुरक्षा तपासणीला. तिथे प्रत्येकाला आपापलं सामान आपणच उघडावं लागतं आणि मागे दोनशे माणसं उभी असतात. त्यात पुरुष एहराममध्ये असले तर प्रश्न आणखी वाढतात. पट्टा काढायचा का? लुंगी सुटली तर? अम्मीच्या बुरख्याचं काय? झमझम आणता येईल का?

ही तपासणी सीआयएसएफचे जवान करतात आणि नियम बीसीएएस या सरकारी कार्यालयाचे असतात. नियम फार नाहीत. त्यामागचं कारण एकदा कळलं की पाठ करायचीही गरज उरत नाही.

यंत्राला काय दिसतं

तपासणीचे दोन भाग असतात. एकीकडे सामान एक्स-रे यंत्रातून जातं, दुसरीकडे माणूस धातू ओळखणाऱ्या चौकटीतून जातो.

एक्स-रेच्या पडद्यावर वस्तू रंगांत दिसतात. कापड, कागद, खाण्याचे पदार्थ, साबण, पाणी असं सगळं नारिंगी दिसतं. लोखंड, तांबं अशा जड धातूंच्या वस्तू निळ्या दिसतात. मधल्या प्रकारच्या वस्तू हिरवट दिसतात. वस्तू जितकी जाड आणि भरीव, तितका रंग गडद. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला प्रत्येक बॅगेसाठी काही सेकंदच मिळतात. तेवढ्यात बॅगेत काय आहे ते स्पष्ट कळलं तर बॅग पुढे जाते. एखादा भाग गडद दिसला आणि खाली काय दडलंय ते कळलं नाही, तर बॅग बाजूच्या पट्ट्यावर ढकलली जाते. मग ती उघडायची, सामान बाहेर काढायचं आणि पुन्हा यंत्रात टाकायचं. वेळ जातो तो इथेच. आपल्या आधी अशा पाच-सहा बॅगा थांबलेल्या असतील तर दहा-पंधरा मिनिटं सहज जातात.

लॅपटॉप वेगळा काढायला सांगतात त्याचं कारण हेच. त्याची बॅटरी आणि आतले धातूचे भाग पडद्यावर गडद चौकोनासारखे दिसतात आणि त्याखालचं काही दिसत नाही. लॅपटॉप एकटा ट्रेमध्ये सपाट ठेवला तर तो स्वतःही नीट दिसतो आणि बॅगही मोकळी दिसते. टॅबलेट आणि पॉवर बँकचंही तसंच, आणि आपल्याकडे चार्जर व मोबाईलही बहुधा बाहेर काढायला लावतात. नव्या प्रकारच्या यंत्रांत बॅगेचं चित्र सगळ्या बाजूंनी फिरवून पाहता येतं, तिथे लॅपटॉप आत राहू द्या असं सांगतात. आपण मात्र काढायच्या तयारीतच उभं राहावं. जवानाने "रहने दो" म्हटलं तर ठीक.

आपल्या घरांमध्ये न सुचणारी एक गोष्ट म्हणजे खजुराचा किंवा हलव्याचा घट्ट बांधलेला डबा. साबणाच्या चार वड्या एकत्र बांधल्या तरी तेच होतं. हे सगळं पडद्यावर एक गडद नारिंगी ढेकूळ होऊन दिसतं आणि स्फोटकंही त्याच रंगात दिसतात. डब्यात काय आहे ते आपल्याला माहीत असतं, पडद्यासमोरच्या माणसाला नसतं. असे डबे मोठ्या सुटकेसमध्ये घालून काउंटरवर द्यावेत. हातातल्या बॅगेत ठेवायचेच असतील तर सगळ्यात वर ठेवावेत, म्हणजे विचारलं तर झाकण उघडून लगेच दाखवता येतात.

एहरामचा पट्टा

मुंबईहून थेट जिद्दाला जाणारं विमान मीकातवरून जातं, म्हणून त्याआधी एहराम बांधलेला असावा लागतो. विमानात लुंगी-चादर बदलणं अवघड असतं, त्यामुळे बरेच पुरुष घरून किंवा मुंबईत मुक्कामाच्या ठिकाणाहूनच एहराम घालून निघतात आणि नियत विमानात मीकात जवळ आल्यावर करतात. ज्यांचा प्रवास आधी मदीनेचा आहे त्यांना हा प्रश्न येत नाही. ते साध्या कपड्यांत जातात आणि एहराम पुढे बांधतात.

बाजारात मिळणारा एहरामचा पट्टा रुंद असतो. त्याला दोन-तीन खिसे, चेन आणि समोर बकल असतं. लोक त्यात पासपोर्ट, रियाल, मोबाईल, चाव्या, चिल्लर सगळंच भरतात. लुंगीही त्याच पट्ट्यावर टिकलेली असते. तपासणीला आल्यावर जवान म्हणतो, पट्टा काढा. आता आत फक्त लुंगी आहे, शिवलेलं काही नाही, आणि पट्टा काढला तर लुंगी सैल होणार. साठीच्या माणसाची इथे जी तारांबळ उडते ती पाहवत नाही.

उपाय सोपा आहे, पण तो घरीच करायचा. लुंगी पट्ट्याविना टिकेल अशी बांधायला शिकावं. कापड पोटावर दोन्ही बाजूंनी घट्ट ओढून एकावर एक घ्यायचं आणि वरची कड तीन-चार वेळा बाहेरच्या बाजूला गुंडाळून खाली वळवायची. हा वळसा घट्ट बसला की चालताना, वाकताना आणि हात वर करतानाही लुंगी राहते. हात वर करायचं मुद्दाम सांगतोय, कारण तपासणीत दोन्ही हात बाजूला पसरून उभं राहावं लागतं. घरी अर्धा तास असं फिरून, दोन-तीनदा हात पसरून आणि जिना चढून पाहावं. वळसा सुटत असेल तर एक तर कापड फार गुळगुळीत आहे किंवा कड कमी गुंडाळली आहे. टॉवेलच्या कापडाचा एहराम सुती पातळ कापडापेक्षा चांगला टिकतो.

हे जमलं की पट्टा फक्त पाकीट म्हणून उरतो. तपासणीच्या रांगेत लागण्याआधीच तो काढायचा, भरल्या खिशांसकट हातातल्या बॅगेत घालायचा आणि चेन लावायची. तो ट्रेमध्ये उघडा टाकू नये, त्यात घरभराचे पैसे असतात. पासपोर्ट आणि बोर्डिंग पास मात्र हातात ठेवायचे.

चादरीला सेफ्टी पिन लावण्याबद्दल आलिमांची मतं वेगवेगळी आहेत, ते आपल्या मौलानांना विचारावं. तपासणीच्या दृष्टीने एक-दोन पिनांनी बिघडत नाही. फार तर हातातलं यंत्र वाजतं आणि जवान "ये क्या है" विचारतो.

हे सगळं टाळायचं असेल तर दुसरा मार्गही आहे. विमान सुटायला भरपूर वेळ असेल तर साध्या सदरा-पायजम्यात तपासणी पार करावी आणि आत गेल्यावर वॉशरूममध्ये एहराम बांधावा. एकट्या तरुण माणसाला हे सोपं पडतं. चार वृद्ध सोबत असतील तर आतल्या गर्दीत प्रत्येकाला एहराम बांधून देण्यापेक्षा घरून बांधून निघालेलं बरं.

चिल्लर, चाव्या, तावीज

धातूच्या चौकटीतून जाताना ती वाजली नाही म्हणजे सुटलो, असं आपल्याकडे होत नाही. भारतातल्या विमानतळांवर चौकटीनंतर जवळपास प्रत्येकाला लाकडी चौथऱ्यावर उभं करून हातातल्या यंत्राने तपासतात, अंगावरून हातही फिरवतात. म्हणून खिसे रिकामे ठेवण्याचा फायदा वाजू नये एवढाच नाही. जवानाला अंगावर जे जे सापडेल ते ते बाहेर काढून दाखवावं लागतं. सदऱ्याच्या खिशात चिल्लर, दुसऱ्या खिशात चाव्या, आतल्या खिशात पेन आणि कागदाची घडी असेल तर तेच माणूसभर चालतं.

सवय अशी लावावी की विमानतळाच्या दारात शिरण्याआधी, टॅक्सीतच, चिल्लर, चाव्या, घड्याळ, पेन आणि पाकीट बॅगेच्या बाहेरच्या चेनच्या कप्प्यात जावं. ट्रेमध्ये सुटी चिल्लर टाकू नये. ती सांडते, आणि मागच्याचा ट्रे येऊन आदळेपर्यंत आपण नाणी वेचत बसतो. मोबाईल शेवटपर्यंत लागतो, तो रांगेत पुढे आल्यावर ट्रेमध्ये ठेवायचा. कमरेचा साधा चामडी पट्टा असेल तर गुंडाळून ट्रेमध्ये. टोपी कधी काढायला सांगतात, कधी नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास वाजते. दंडाला, गळ्यात किंवा कमरेच्या दोऱ्याला बांधलेला तावीज. तो चांदीच्या किंवा तांब्याच्या पेटीत असतो आणि कपड्याच्या आत असल्यामुळे जवानाला फक्त आवाज येतो, दिसत काही नाही. लहान मुलांच्या कमरेला चांदीचा करगोटा असतो, त्याचंही तेच. लपवण्याचं कारण नाही. यंत्र वाजण्याआधीच "तावीज है" म्हणून हात लावून दाखवावं. सहज निघणारा असेल तर आधीच काढून बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवावा.

कुराण शरीफ किंवा दुआंची किताब ट्रेमध्ये टाकायची गरज नाही. ती गिलाफात घालून हातातल्या बॅगेत ठेवली तर बॅगेबरोबरच यंत्रातून जाते. ट्रेमध्ये लोकांच्या चपला, बूट, पट्टे पडलेले असतात, म्हणून तिथे ठेवणं बरं वाटत नाही. फक्त बॅगेत ती लॅपटॉपच्या किंवा चार्जरच्या गुंत्याखाली दाबून ठेवू नये, नाहीतर बॅग उघडावी लागली की सगळ्यात आधी तिलाच हात लागतो.

अम्मी आणि बहिणींसाठी

महिलांची रांग वेगळी असते. त्यांची तपासणी पडदा लावलेल्या छोट्या खोलीत महिला जवानच करतात. बुरखा किंवा अबाया काढावा लागत नाही. नकाब असेल तर पासपोर्टवरच्या फोटोशी चेहरा जुळवण्यासाठी काही ठिकाणी तो वर करावा लागतो. तेव्हा महिला कर्मचारी मागितली तर देतात, शांतपणे सांगावं. सोन्याच्या बांगड्या, कानातलं काढायला सहसा सांगत नाहीत. वाजतं ते जास्त करून स्कार्फच्या पिनांनी आणि केसांच्या क्लिपांनी. डोक्याला सात-आठ धातूच्या पिना असतील तर प्रत्येक पिनेजवळ यंत्र वाजणार. प्रवासाच्या दिवशी शिवलेला खिमार घातला तर पिना लागतच नाहीत.

महिलांच्या खोल्या कमी असतात, त्यामुळे ही रांग पुरुषांच्या रांगेपेक्षा हळू सरकते. सामानाचं यंत्र मात्र एकच. म्हणजे अम्मीची पर्स आणि मोबाईल पलीकडे येऊन पडतात आणि अम्मी अजून पडद्यामागे असते. यासाठी घरात कोण कधी जाणार ते ठरवून ठेवावं.

एका कुटुंबाचं उदाहरण

जाफराबाद तालुक्यातलं पाच जणांचं एक कुटुंब धरू. अब्बा पासष्टीचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आणि आत धातूचा सांधा बसवलेला. अम्मीला शुगर, इन्सुलिन चालू. मोठा मुलगा पुण्यात नोकरीला, रजेतही लॅपटॉप सोबत. त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी. विमान रात्री दोनचं. तीन तास आधी पोहोचायचं म्हणजे अकरा वाजता टर्मिनलच्या दारात.

मोठ्या सुटकेसमध्ये काय गेलं? तेल, शाम्पू, लोणचं, तुपाचा डबा, सुरी, केस कापायची छोटी कात्री, नेलकटर, दाढीची पाती. उमराहनंतर केस कापायचे म्हणून लोक कात्री हातातल्या बॅगेत ठेवतात आणि ती तपासणीला काढून घेतली जाते. ती सुटकेसमध्येच हवी. काडेपेटी आणि लायटर कुठेच नको.

पॉवर बँक मात्र उलट आहे. ती सुटकेसमध्ये चालत नाही, हातातल्या बॅगेतच लागते, कारण लिथियमची बॅटरी पेटली तर ती माणसांच्या डोळ्यांसमोर असावी, विमानाच्या पोटात नाही. सुटकेसच्या तपासणीत पॉवर बँक दिसली तर सुटकेस अडवून मालकाला बोलावतात. मर्यादा १०० वॅट-तासांची. पॉवर बँकवर मिलिअँपिअर-तास लिहिलेले असतात. त्या आकड्याला ३.७ ने गुणून १,००० ने भागायचं. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची होते, म्हणजे चालते. ३०,००० ची १११ होते, तिला एअरलाइनची परवानगी लागते. आकडा पुसला गेला असेल तर तीही अडवतात, त्यामुळे जुनी, झिजलेली घेऊन जाऊ नये.

हातातल्या बॅगा चार. मुलाच्या बॅगेत लॅपटॉप सगळ्यात वरच्या कप्प्यात, एका ओढीत बाहेर येईल असा. चार्जर आणि पॉवर बँक एका कापडी पिशवीत. अम्मीच्या बॅगेत इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटर आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकत्र, वरच. चिठ्ठीवरचं नाव पासपोर्टवरच्या नावासारखं असावं. आपल्याकडे दवाखान्यात घरगुती नाव लिहितात आणि पासपोर्टवर वेगळं असतं. जाण्याआधी डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी पूर्ण नावाने लिहून घेतलेली चांगली. अब्बांच्या खिशात ऑपरेशनचं कार्ड.

रांगेत सगळ्यात आधी सून आणि मुलगी. मुलीचं दूध आणि खिमटी लहान बाळाचं खाणं म्हणून चालतं, पण सांगून दाखवावं लागतं. महिलांची रांग हळू असते म्हणून सून आधीच त्या रांगेत लागली. तिच्यामागे अम्मी. मग अब्बा. अब्बांनी चौकटीत शिरण्याआधीच गुडघ्याकडे बोट दाखवून "अंदर लोहा है, ऑपरेशन हुआ है" म्हटलं. चौकट वाजली, जवानाने हातातल्या यंत्राने गुडघा तपासला, कार्ड पाहिलं आणि पुढे सोडलं. आधी सांगितलं नसतं तर चपला काढा, पुन्हा जा, असं दोन-तीनदा झालं असतं. पेसमेकर असणाऱ्यांनी तर हे आधी सांगावंच आणि हाताने तपासणी करायला सांगावं.

सगळ्यात शेवटी मुलगा. घरच्यांचे सगळे ट्रे पट्ट्यावर चढून यंत्रात गेले हे पाहणं त्याचं काम. आणि पलीकडे सगळ्यात आधी पोहोचलेल्या अब्बांचं काम एका जागी उभं राहून ट्रे मोजणं. आपले ट्रे किती ते आधीच ठरलेलं: लॅपटॉपचा एक, मोबाईलचे दोन आणि बॅगा चार. सात वस्तू आल्याशिवाय कोणी हलायचं नाही. मोबाईल ट्रेच्या तळाशी चिकटून राहतो आणि रिकामा ट्रे म्हणून मागे ढकलला जातो. विसरलेल्या वस्तूंमध्ये मोबाईल आणि पट्टे सगळ्यात जास्त असतात.

ट्रे उचलून बाजूच्या बाकावर न्यायचे आणि तिथे बसून पट्टा बांधायचा, लॅपटॉप आत घालायचा. यंत्राच्या तोंडाशीच उभं राहून आवरत बसलं की मागच्यांची बॅग आपल्या बॅगेवर चढते.

बाटल्या

द्रवाचा नियम १० ऑगस्ट २००६ पासूनचा आहे. त्या दिवशी लंडनमध्ये काही लोक पकडले गेले. सरबताच्या बाटल्यांत द्रव स्फोटकं भरून विमानात नेण्याचा त्यांचा बेत होता. त्यानंतर जगभर आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानात एका बाटलीला १०० मिलिलिटरची मर्यादा आली. अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत मावल्या पाहिजेत. माणशी एक पिशवी.

गोंधळ होतो तो मापात. बाटलीत किती उरलंय ते पाहत नाहीत, बाटली कितीची आहे ते पाहतात. २०० मिलिलिटरच्या तेलाच्या बाटलीत दोन चमचे तेल असलं तरी ती अडते. टूथपेस्टची मोठी, अर्धी संपलेली ट्यूबही अडते. आणि द्रव म्हणजे फक्त पाणी नाही. व्हॅसलिन, मध, तूप, दही, चटणी, लोणच्याचा खार, क्रीम, जे जे पसरतं किंवा सांडतं ते सगळं त्यात येतं. औषधाची बाटली १०० पेक्षा मोठी असेल तर प्रवासापुरती, चिठ्ठीसह चालते. ती पिशवीच्या बाहेर ठेवून आधीच दाखवावी.

एहरामच्या नियतीनंतर सुगंधी वस्तू चालत नाहीत, म्हणून घरात दोन प्रकारच्या बाटल्या असतात. नियतीआधी लावायचा अत्तर, आणि नंतरसाठी बिनवासाचा साबण, बिनवासाचं व्हॅसलिन. पारदर्शक पिशवीत बिनवासाच्या वस्तू ठेवाव्यात. अत्तराची मोठी बाटली सुटकेसमध्ये आणि लागलीच तर पाच-दहा मिलिलिटरची छोटी कुपी पिशवीत. कुपीचं झाकण घट्ट बसतं का ते पाहावं. ती बॅगेत सांडली तर वास एहरामच्या कापडालाच लागतो.

वजू आणि तहारतसाठी बाटली किंवा प्लास्टिकचा लोटा लागतोच. तो रिकामा असेल तर बिनदिक्कत आत जातो. रांगेत लागण्याआधी पाणी पिऊन किंवा ओतून टाकायचं आणि आत गेल्यावर पिण्याच्या पाण्याच्या नळावर भरायचं. रमजानच्या दिवसांत इफ्तारसाठीही हेच करावं. भरलेली बाटली हातात घेऊन गेलात तर ती टाकावी लागते आणि आत विकत घ्यावी लागते.

चिकलठाणा ते मुंबई असा देशातला प्रवास असेल तर पाण्याच्या बाबतीत तपासणी सैल असते. तरी पुढे जिद्दाचं विमान असेल तर बॅग आंतरराष्ट्रीय नियमानेच भरावी, कारण मुंबईत ती पुन्हा तपासली जाते.

शारजा, मस्कत किंवा दोहामार्गे जाणाऱ्यांची मध्येही पुन्हा तपासणी होते. मुंबईत आत गेल्यावर विकत घेतलेलं पाणी तिथे टाकावं लागतं. अत्तर वगैरे ड्युटी फ्रीमधून घेतलं असेल तर दुकानदाराने सील केलेली पिशवी पावतीसह घरी पोहोचेपर्यंत फोडायची नाही.

परतीचं झमझम

जिद्दाच्या विमानतळावरही हातातल्या बॅगेला हाच १०० मिलिलिटरचा नियम आहे, झमझमला सूट नाही. पाच लिटरचा कॅन पुठ्ठ्याच्या ठरलेल्या खोक्यात घेऊन काउंटरवर वेगळा द्यायचा असतो. किती कॅन फुकट नेता येतील हे एअरलाइनवर अवलंबून असतं, तिकिटावर पाहून घ्यावं. सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून भरलेल्या झमझमच्या बाटल्या तपासणीत दिसतात आणि सुटकेस उघडावी लागते.

मुंबईत उतरून पुढे विमानानेच चिकलठाण्याला यायचं असेल तर हा कॅन पुन्हा काउंटरवरच द्यायचा, हातात घेऊन तपासणीला जायचं नाही. त्याचं वजनही सामानात धरलं जातं. देशातल्या तिकिटावर वजनाची मर्यादा परदेशच्या तिकिटापेक्षा कमी असते आणि दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर जास्तीचे पैसे मागतात. पाच जणांचे पाच कॅन असतील तर त्यांचंच वजन पंचवीस किलोच्या वर जातं. अशा वेळी मुंबईहून रेल्वेने जालना गाठणं स्वस्त आणि सोयीचं पडतं. तिथे कॅन सीटखाली राहतो.

वाटण्यासाठी आणलेले खजूर, तसबीह आणि जानमाज सुटकेसमध्येच बरे. जागा उरली नाही म्हणून खजुराचं पाकीट हातातल्या बॅगेत घ्यावं लागलं, तर ते आणि अत्तराच्या कुप्यांची पारदर्शक पिशवी दोन्ही बॅगेच्या तोंडाशी ठेवावीत.